पित्ताचं औषध नंतर, आधी ते पित्तच आहे का ते पाहा

जुनाट पित्तासाठी आधी वैद्याकडे जावं की डॉक्टरकडे, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की पोटाचा विषय पाच मिनिटांत मागे पडतो. एक बाजू हजारो वर्षांची परंपरा काढते, दुसरी पुरावा कुठे आहे म्हणून विचारते. मग आयुर्वेदिक औषधांतला पारा येतो, औषध कंपन्यांचा नफा येतो, कुणाच्या तरी मावशीला आलेला गुण येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांना ठरावीक शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, डिसेंबरात इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध बंद पाळला, आणि तेव्हापासून तर हा वाद नुसता मानापमानाचा झाला आहे. मी औषधाच्या दुकानात बसतो. माझ्या पाठीमागे एका फळीवर आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल आहे आणि दुसऱ्या फळीवर आयुर्वेदातलं सूतशेखर. दोन्ही खपतं, त्यामुळे कुणाची बाजू घेऊन माझा फायदा व्हायचा नाही. तरी माझं मत ठाम आहे. प्रौढ माणसाला महिनाभराहून जास्त काळ पित्ताचा त्रास होत असेल, तर पहिली भेट जनरल फिजिशियनची असावी. ती भेट औषधासाठी नसून छाननीसाठी असावी. छाननीत काही निघालं नाही, तर खुशाल वैद्याकडे जावं. बऱ्याच जणांना तिथे जास्त उपयोगही होईल.

हा क्रम मोडला की काय होतं? पित्ताचा त्रास असा आहे की त्यावर जवळपास कशानेही थोडं बरं वाटतं. थंड दूध, सोडा, शंखभस्म, मोरावळा, पँटोप्राझोल, नुसती उलटी. जळजळ थांबली की माणूस म्हणतो, रोग कळला. पण जठरातलं आम्ल कमी केलं की साध्या जळजळीलाही आराम पडतो, व्रणालाही पडतो आणि काही काळ जठराच्या कर्करोगाच्या दुखण्यालाही पडतो. आराम पडला, एवढ्यावरून कशाला आराम पडला ते कळत नाही. उपचार आधी आणि निदान नंतर, असं केलं की निदानाची वाट दाखवणारी खूणच पुसली जाते. आणि हे दोन्ही फळ्यांवरच्या औषधांना सारखंच लागू आहे.

आधुनिक वैद्यकाने या बाबतीत स्वतः मोठी ठेच खाल्ली आहे. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिपी नावाच्या डॉक्टरांनी जठराच्या व्रणासाठी एक पथ्य सांगितलं. दर तासाला दूध आणि साय, अधूनमधून क्षारांची पूड. रुग्णांना बरं वाटायचं, म्हणून ते पथ्य अर्धं शतक चाललं. काही जणांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडली, तरी चाललं. त्याच्या जोडीला एक ठाम समजूत होती की व्रण होतो तो काळजीने आणि तिखट खाण्याने. १९७६ साली आम्ल दाबणारं सिमेटिडीन आलं, १९८८ मध्ये ओमेप्राझोल आलं, व्रण भरू लागले. गोळी बंद केली की पुन्हा होऊ लागले. मूळ कारण तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे बोट दाखवलं, तेव्हा तज्ज्ञ हसले. १९८४ मध्ये मार्शलनी त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. सत्तर वर्षं जगातले नामांकित डॉक्टर रुग्णाला बरं वाटतंय या एका गोष्टीवर विसंबून चुकीच्या कारणावर इलाज करत होते. मग 'मला अविपत्तिकर चूर्णाने बरं वाटतं' किंवा 'मला पॅन-डीने बरं वाटतं' या वाक्याला आपण किती वजन द्यायचं?

आता छाननी म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण 'डॉक्टरकडे जा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घशातून घातलेली दुर्बीण उभी राहते. बहुतेकांना तिची गरज नसते. चांगला फिजिशियन आधी विचारतो: जळजळ छातीच्या हाडामागे वर चढते की बेंबीच्या वर दुखतं? वाकल्यावर, आडवं पडल्यावर वाढतं का? जेवल्यावर वाढतं की उपाशीपोटी, पहाटे दोन-तीनला उठवतं? घास गिळताना अडकतो का? काही न करता वजन उतरलंय का? शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते का? उलट्या थांबत नाहीत का? घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला होता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? मग तो डोळ्याची खालची पापणी ओढून बघतो, पोट दाबून बघतो, नाडी आणि रक्तदाब बघतो, हिमोग्लोबिन करायला सांगतो. दुखणं उजव्या बरगडीखाली असेल तर पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी. दुर्बिणीची वेळ येते ती वरच्यापैकी एखादी खूण सापडली तर, किंवा वय झालेल्या माणसाला हा त्रास नव्याने सुरू झाला असेल तर. वयाची रेघ कुठे ओढायची यावर मतभेद आहेत. अपचनाच्या तक्रारीसाठी अमेरिकेतले तज्ज्ञ साठी धरतात, आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर त्याच्या बरेच अलीकडे सावध होतात.

आणि एक प्रश्न पोटाचा नसतोच. चढ चढताना, घाईने चालताना छातीत जळजळ होते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जाते का? उत्तर हो असेल तर ते पित्त समजू नये. तिथे ईसीजी आणि हृदयाची तपासणी आधी. मधुमेह असलेल्या माणसाला तर हृदयाचं दुखणं असं आडवळणाने येण्याची शक्यता जास्त. 'रात्री पित्त झालं होतं, सोडा घेऊन झोपले, सकाळी उठलेच नाहीत' ही गोष्ट ऐकली नाही असं गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल. जळजळीबरोबर दरदरून घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, धाप असं काही असेल तर वैद्य की डॉक्टर हा प्रश्नच नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. मार्केट यार्डात पोती उचलणारे हमाल, पन्नाशी उलटलेले. तोंडात तंबाखू, दिवसाला सात-आठ चहा. दीड वर्ष पित्ताचा त्रास. आधी एका डॉक्टरांनी पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची जोडगोळी, म्हणजे पॅन-डी, लिहून दिली होती. तीच चिठ्ठी घडी घालून खिशात, आणि महिन्याला दोन-तीन पाकिटं. मग कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून ते वैद्यांकडे गेले. वैद्यांनी पथ्य सांगितलं, सूतशेखर दिलं, आणि अंगात अशक्तपणा दिसला म्हणून मंडूर दिलं, म्हणजे लोहाचं भस्म. ते काही चुकीचं नव्हतं, माणूस खरोखरच पांढरा पडला होता. आमच्या काउंटरवर मात्र तिसरी एक गोष्ट दिसत होती, जी त्या दोघांनाही दिसली नव्हती. कंबर धरते म्हणून मामा रोज दोन वेदनाशामक गोळ्या घेत होते, ॲसिक्लोफेनॅकच्या, बहुतेकदा रिकाम्या पोटी, पहाटे कामावर जाण्याआधी. कधी आमच्याकडून, कधी यार्डाबाहेरच्या टपरीवरून सुट्या.

"मामा, शौचाला काळी होते का?"

"व्हती की. पण ते लोहाचं औषध हाय न्हवं? त्यानं हुतंय, असं सांगितलंय."

सांगितलं ते खोटं नव्हतं. लोहाने शौचाला काळपट होतेच. पण लोहाची शौच बांधलेली, हिरवट काळी असते. वरच्या आतड्यातून रक्त गेलं की ती चिकट, चकचकीत असते, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते, आणि वास असा की तो एकदा आला की माणूस विसरत नाही. मामांची दुसऱ्या प्रकारची होती. त्याच दिवशी ते फिजिशियनकडे गेले. नाडी ११० च्या पुढे, उठून उभं राहिल्यावर रक्तदाब खाली, हिमोग्लोबिन आठच्या आत. दाखल करून दुर्बीण घातली, तर जठरातून आतड्यात शिरताना लगेच व्रण, त्यावर रक्ताची गाठ. दुर्बिणीतूनच इलाज झाला, रक्त चढवलं, शिरेतून आम्ल कमी करणारं औषध दिलं. ज्या पँटोप्राझोलला ते घाबरले होते, त्याच गटातलं.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. दुर्बिणीत घेतलेल्या तुकड्यावर जंतूची चाचणी केली, ती नाही अशी आली. डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. रक्तस्राव चालू असताना, आणि आम्ल दाबणारी औषधं चालू असताना, ही चाचणी खोटं 'नाही' सांगते हे त्यांना माहीत होतं. दोन महिन्यांनी व्रण भरल्यावर ती गोळी दोन आठवडे बंद ठेवून शौचाची चाचणी केली, तेव्हा हेलिकोबॅक्टर सापडला. चौदा दिवस प्रतिजैविकांचा कोर्स, आणि तो संपल्यावर महिन्याने पुन्हा चाचणी, या वेळी खरोखरच नाही. वेदनाशामक बंद, कंबरेला पट्टा आणि लागलीच तर पॅरासिटामॉल. मामा आता कंबरेसाठी आणि बद्धकोष्ठासाठी त्याच वैद्यांकडे जातात, आणि मला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

या गोष्टीत ॲलोपॅथी जिंकली आणि आयुर्वेद हरला असं कुणी म्हणेल तर त्याने ती नीट वाचली नाही. पहिला चुकला तो एमबीबीएस डॉक्टरच. त्याने दोन मिनिटांत जोडगोळी लिहिली आणि मामांच्या दुसऱ्या गोळ्या कोणत्या ते विचारलंच नाही. इथे विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो, आणि तो मला मान्य करावाच लागतो. आपल्याकडे जनरल प्रॅक्टिसमध्ये पित्ताची छाननी होत नाही, पित्ताची गोळी दिली जाते. बाहेर पंचवीस माणसं बसलेली, आत एकेकाला तीन मिनिटं. मूळ कोर्स असतो चार ते आठ आठवड्यांचा. लोक घेतात चार-चार वर्षं. गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते हेसुद्धा कित्येकांना सांगितलेलं नसतं. ते जेवणानंतर घेतात आणि गुण येत नाही म्हणून दोन घेतात. याउलट चांगला वैद्य अर्धा तास बसवतो. रात्री किती वाजता जेवता, जेवून किती वेळाने पडता, भूक लागते का नुसतं घड्याळ बघून जेवता, शौच कशी, झोप कशी, उपासाला काय खाता. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, वर चहा असा आपला उपास हे पित्ताचं आमंत्रणच असतं, आणि ते वैद्य ओळखतो. ज्याच्या पोटात दुर्बिणीने काहीच सापडत नाही अशा माणसाला, आणि बहुसंख्य रुग्ण असेच असतात, खरा उपयोग याच प्रश्नांचा होतो. मग आधी त्याच्याकडे का जाऊ नये?

कारण हे प्रश्न बहुसंख्यांसाठी बरोबर आहेत, आणि पहिल्या भेटीचं काम त्या थोड्यांना वेगळं काढायचं आहे ज्यांच्यासाठी ते पुरेसे नाहीत. नुसतं पित्त असलेल्या माणसाने रात्रीचं जेवण आज सातला आणलं काय आणि आठवडाभराने आणलं काय, फरक पडत नाही. ज्याच्या व्रणातून रक्त पाझरतंय त्याला आठवडाभराने पडतो. डॉक्टरकडे आधी जाऊन काही निघालं नाही, तर तुमचे पाच-सातशे रुपये आणि एक सकाळ गेली, पथ्य उद्यापासून सुरू करता येतं. वैद्याकडे आधी जाऊन सहा महिने बरं वाटलं आणि मग काही निघालं, तर ते सहा महिने परत मिळत नाहीत. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून क्रम हवा. आणि जो डॉक्टर प्रश्न न विचारता पॅन-डी लिहितो त्याच्याकडे जाणं ही पहिली भेट झालीच नाही. ते माझ्या काउंटरवर येऊन "पित्ताची एक पट्टी द्या" म्हणण्यासारखंच. त्या गोळीवर नियमाने चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठीशिवाय किती जाते हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खरं तर या वादात एक गंमत आहे. वैद्य की डॉक्टर म्हणून आपण भांडतो तो मान दुसऱ्या भेटीचा असतो. पहिली भेट बहुतेकांनी मेडिकलवाल्याला देऊन टाकलेली असते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो: तुमची ही छाननी पाश्चात्त्य, आमचं शास्त्र रोग्याला समग्र बघतं. मला या युक्तिवादाने आयुर्वेदाचाच अपमान होतो असं वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वच्छ आहे, 'रोगमादौ परीक्षेत ततोऽनन्तरमौषधम्'. आधी रोगाची परीक्षा, मग औषध. चरकाने अम्लपित्ताला वेगळा अध्याय दिलेला नाही. तो काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात येतो. माधवाने दिलेली लक्षणं आजही जशीच्या तशी काउंटरवर ऐकू येतात: अन्न न पचणं, गळून जाणं, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड, छाती आणि घसा जळणं, तोंडाला चव नसणं. पण त्याच ग्रंथात, वेगळ्या अध्यायात, परिणामशूल आहे, म्हणजे अन्न पचत असताना उठणारी कळ. आणि अन्नद्रवशूल आहे, जो अन्न पचो न पचो, पथ्य करा न करा, थांबत नाही. जठराच्या आणि आतड्याच्या व्रणाची वर्णनं वाचलेल्या माणसाला ही ओळखीची वाटावीत. म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही पोटातली प्रत्येक जळजळ एकाच पोत्यात टाकायची नव्हती. तोच माधव अम्लपित्ताबद्दल पुढे सांगतो की नवं असेल तर प्रयत्नाने बरं होतं, जुनं झालं की याप्य होतं, म्हणजे औषध-पथ्य चालू असेपर्यंतच दबून राहतं. जुनाट पित्त मुळापासून उपटून टाकतो अशी पाटी लावणाऱ्याने हा श्लोक एकदा उघडून बघावा.

'आमच्या औषधांना साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्यही असंच परीक्षेला बसवावं लागतं. सूतशेखरात शुद्ध केलेला पारा-गंधक आहे, वत्सनाभ हे विषारी मूळ आहे, धोत्र्याचं बी आहे. ग्रंथात त्यांच्या शोधनाच्या पद्धती दिल्या आहेत आणि चांगला वैद्य ते मोजून, मुदतीने देतो. ते 'वनस्पतीच तर आहे' म्हणून वर्षभर चघळायचं औषध नाही. अविपत्तिकरात सगळ्यात मोठा भाग निशोत्तर आणि साखरेचा. निशोत्तर रेचक आहे, म्हणून पोट साफ होऊन हलकं वाटतं, आणि मधुमेह्याने ती साखर हिशेबात धरायला हवी. ज्येष्ठमध जळजळीला शामक आहे, पण बरेच दिवस घेतला तर शरीरात मीठ-पाणी साठवतो, पोटॅशियम उतरवतो आणि रक्तदाब वाढवतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला तो न विचारता देऊ नये. कामदुधा, प्रवाळ, शंख, कपर्दिका यांत मुख्यतः चुनाच आहे, कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्ल मारतं हे रसायनशास्त्राला धरूनच आहे, आणि म्हणूनच ते लक्षण झाकतंही. यातलं काहीही आयुर्वेदाविरुद्ध नाही. औषध काम करतं म्हणूनच ते जपून द्यावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. परिणाम आहे पण दुष्परिणाम असूच शकत नाही, असं कुठलं औषध आजवर निघालंय?

डॉक्टरकडून वैद्याकडे जाताना जी गडबड होते, तिच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात. छाननी झाली, काही निघालं नाही, माणूस तीन वर्षं पँटोप्राझोल घेतोय आणि वैद्य म्हणतात, उद्यापासून ती बंद. आम्ल दाबलेलं असताना शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल सुटायला लावणारं संप्रेरक जास्तीचं सोडत राहतं. गोळी एकदम थांबली की आम्ल पहिल्यापेक्षा जोरात येतं आणि दोन-चार आठवडे तसं राहू शकतं. ज्यांना कधीच पित्त नव्हतं अशा निरोगी लोकांना दोन महिने याच गटातली गोळी देऊन बंद केल्यावर जळजळ सुरू झाल्याचं डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात दिसलं आहे. रुग्णाला वाटतं रोग उसळला. तो वैद्यांना नावं ठेवतो आणि परत गोळीकडे जातो, किंवा गोळीला शाप देत आणखी चार पुड्या घेतो. रोज एकवरून एकाआड एक, मग गरजेपुरतं साधं अँटासिड, असं महिनाभरात उतरवत आणलं, आणि त्याच महिन्यात वैद्यांचं पथ्य चालू ठेवलं, तर दोघांचं श्रेय दोघांना मिळतं. मात्र अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन आणि सोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी चालू असेल, अन्ननलिकेला गंभीर सूज असेल, तर पित्ताची गोळी बहुधा मुद्दाम ठेवलेली असते. ती कुणाच्या सांगण्यावरून परस्पर थांबवायची नाही, माझ्या तर नाहीच.

आता शेवटचा आक्षेप, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. वैद्य आणि जनरल फिजिशियन ही दोन वेगळी माणसं आहेत हे शहरातलं गृहीतक आहे. तालुक्याच्या गावी, आणि मुंबईच्या चाळीतही, ज्याला सगळे 'आपले फॅमिली डॉक्टर' म्हणतात त्याच्या पाटीवर बीएएमएस असतं. तो सूतशेखर क्वचित लिहितो आणि पॅन-डी रोज लिहितो. एमडी मेडिसिन गाठायचा तर तीस-चाळीस किलोमीटर आणि एका दिवसाची मजुरी. मग माझा सगळा युक्तिवाद पाण्यात गेला का? मला तसं वाटत नाही. बीएएमएसच्या अभ्यासक्रमात शरीररचना, विकृतिशास्त्र, आधुनिक तपासण्या शिकवतात. वर सांगितलेले प्रश्न विचारायला, पापणी ओढून बघायला, हिमोग्लोबिन लिहायला आणि पुढे कधी पाठवायचं ते ठरवायला त्याला कुणी अडवलेलं नाही. तो हे करत असेल तर पहिली भेट त्याचीच, पाटीवर काहीही असो. करत नसेल, तर रुग्णाने स्वतः बोलायला हवं. "डॉक्टर, मला दोन महिने त्रास आहे, या सगळ्या गोळ्या मी घेतो, मला रक्त तपासून द्या आणि पुढे दाखवायची गरज आहे का ते सांगा." एवढं म्हणताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून समोर ओताव्यात, कंबरेच्या, गुडघ्याच्या, टपरीवरून घेतलेल्या सुट्या, काढ्याची बाटलीसुद्धा. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. ते घसरलेलं आलं, घास अडकत असला किंवा वजन उतरत असलं, तर मग तीस किलोमीटर जावंच लागतं. तिथे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात फिजिशियन असतो, आणि त्याच्यासमोर जाताना आधीच्या चिठ्ठ्या आणि वैद्यांनी दिलेल्या पुड्यांची नावं लिहिलेला कागद सोबत असला, तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.